बिल हातात आहे, पण क्रेडिट मिळेल का?

साताऱ्यातला एक रंगविक्रेता पुण्याहून १ लाखाचा माल मागवतो. २८ जुलैच्या बिलावर १८ टक्के, म्हणजे १८,००० रुपये जीएसटी आहे. ही रक्कम स्वतःच्या करातून वजा करायला नुसतं बिल पुरत नाही.

पुरवठादाराने ११ ऑगस्टपर्यंत जीएसटीआर-१ भरला, की १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बीमध्ये ते बिल दिसतं. तिथे नंबर, तारीख आणि कराची रक्कम ताडून पाहायची. बिल दिसलंच नाही, तर पुरवठादाराने बहुधा रिटर्न भरलेलं नसतं किंवा जीएसटी नंबर चुकवलेला असतो. त्याने दुरुस्ती करून बिल २बीमध्ये येईपर्यंत क्रेडिट घेता येत नाही.

मात्र २बीमध्ये दिसलं म्हणजे हक्क मिळाला, असंही नाही. माल २ ऑगस्टला पोहोचला असेल, तर क्रेडिट जुलैच्या नव्हे, ऑगस्टच्या रिटर्नमध्ये घ्यायचं. त्यातलेच काही डबे घर रंगवायला वापरले, तर तेवढ्यावरचं क्रेडिट सोडावं लागतं. आणि बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे चुकते केले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं.