खिचडी रांधली की बांधली?

'मा खिचुड़ि रेँधे रेखेछिलेन.' म्हणजे आईने खिचडी रांधून ठेवली होती. बंगाली शिकणारी एखादी मराठी मुलगी पावसाळी दिवसावर छोटा निबंध लिहिते आहे आणि या वाक्यात तिच्याकडून फक्त एक ठिपका राहून गेला आहे, असं समजू. तेवढ्याने आईने खिचडी बांधून ठेवलेली असते. बंगाली 'ब' म्हणजे शिरोरेषेखाली लटकणारा त्रिकोण. त्याच त्रिकोणाखाली ठिपका दिला की तो 'र' होतो. 'रेँधे' आणि 'बेँधे' हे दोन्ही खरे शब्द आहेत, त्यामुळे एकेक शब्द तपासत जाणाऱ्या नजरेला चूक सापडत नाही. त्यासाठी वाक्यच वाचावं लागतं. असंच 'रात' लिहायला जावं आणि 'बात', म्हणजे संधिवात, उमटावा.

बंगालीत अशा ठिपक्यावर वेगळ्या होणाऱ्या आणखी तीन जोड्या आहेत: ड आणि ड़, ढ आणि ढ़, य आणि य़. यातल्या बिनठिपक्याच्या 'य'चा उच्चार 'ज' असा होतो आणि ठिपक्याचा 'य़' आपल्या 'य'च्या जवळ जातो. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी 1855 साली 'वर्णपरिचय' लिहिलं, तेव्हा ड़, ढ़, य़ यांना वर्णमालेत स्वतंत्र जागा दिली. म्हणजे हा ठिपका सजावटीचा नाही, तो अक्षराचाच भाग आहे.

आता त्याच निबंधातल्या पुढच्या ओळी पाहू. बंगाली शब्द इथे उच्चाराप्रमाणे न लिहिता अक्षरांप्रमाणे दिले आहेत: 'बारि फिरे शुकनो जामा पड़लाम. तारपर बइ परते परते घुमिय़े परलाम.' मुलीला म्हणायचंय, घरी परतून कोरडे कपडे घातले, मग पुस्तक वाचता वाचता झोप लागली. पण घर म्हणजे 'बाड़ि'. 'बारि' म्हणजे पाणी. कपडे घालणं म्हणजे 'परा', तिथे तिने वाचणं किंवा पडणं या अर्थाचं 'पड़ा' घातलं. जिथे 'पड़ा' हवं होतं, तिथे मात्र 'परा' लिहिलं. परिणामी कपडे वाचले गेले आणि पुस्तक अंगावर चढलं!

हा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. बांगलादेशातल्या बऱ्याच भागांत र आणि ड़ यांचे उच्चार जवळजवळ एक होतात, आणि भरभर बोलताना इतरत्रही फरक पुसट होतो. कानावर भरवसा ठेवणारा बंगाली माणूसही इथे चुकतो. एकदा चूक दाखवली गेली की लिहिणारा सावध होऊन नको तिथेही ड़ घालू लागतो. वरच्या 'जामा पड़लाम'चं मूळ तेच.

'घुमिय़े पड़लाम' हे संयुक्त क्रियापद आहे. पहिला भाग मुख्य क्रिया सांगतो, दुसरा तिला छटा देतो. इथे कोणी कुठेही पडत नाही. 'पड़ा'मुळे झोप नकळत आली, एवढंच कळतं. मूळ अर्थ विरल्यामुळे लिहिणाऱ्याला 'पडणे' आठवत नाही आणि ड़च्या जागी र येतो. मराठी माणसाला यावर घरचाच उपाय आहे. छटा देणारं हे क्रियापद आपल्या 'पडणे'चंच भावंड आहे. आपण 'बाहेर पडलो' म्हणतो, बंगाली माणूस 'बेरिय़े पड़लाम' म्हणतो. तेव्हा संयुक्त क्रियापदाच्या शेवटी हे रूप आलं की ड़ लिहावा. गाडी-गाड़ि, घोडा-घोड़ा, साडी-शाड़ि या जोड्याही तेच सांगतात. वाचण्याचं 'पड़ा' मात्र संस्कृत 'पठ्'पासून आलेलं, तेवढं वेगळं लक्षात ठेवावं.

शुद्धलेखन जमलं तरी दुसरं क्रियापद कोणतं निवडायचं, हा प्रश्न उरतो. पुष्कळदा मराठी साथ देते. 'लिखे दिलाम' म्हणजे दुसऱ्यासाठी लिहून दिलं, 'लिखे निलाम' म्हणजे स्वतःसाठी लिहून घेतलं, 'लिखे फेललाम' म्हणजे लिहून टाकलं. 'बले बसलाम'मध्येही आपल्या 'बोलून बसलो'मधली चुटपुट जशीच्या तशी आहे. क्रियापदाचं रूप मात्र मराठीसारखं चालवता येत नाही. 'मी पत्र लिहून टाकलं' यात क्रियापद पत्राच्या मागे जातं. 'आमि चिठि लिखे फेललाम' यात ते 'आमि'ला धरून राहतं. एक चिठ्ठी असो वा दहा, लिहिणारा मुलगा असो वा मुलगी, 'फेललाम' बदलत नाही.

साथ सुटते ती हसण्या-रडण्यापाशी. 'केँदे फेललाम' याचं शब्दशः मराठी 'रडून टाकलं' होईल, पण अर्थ आहे 'रडू आवरलं नाही'. 'फेला' इथे काम उरकण्याची नव्हे, ताबा सुटल्याची छटा देतं. एकाएकी हसू फुटलं तर 'हेसे उठलाम', आणि हसू दाबता आलं नाही तर 'हेसे फेललाम'. निबंधात आईचं पत्र वाचून डोळे भरून आले असतील, तर मुलीने 'केँदे फेललाम' लिहावं आणि 'केँदे'वरचा चंद्रबिंदू तेवढा विसरू नये.