सळई वाढली 20 टक्के, बिलात आले 15! भाववाढ कलमाचा खरा हिशोब

अचलपूरच्या शिबिरात एका तरुण ठेकेदार भाऊनं उभं राहून विचारलं, "सर, टेंडरमंधी भाववाढ कलम होतं ना, मंग मले पूरे पैसे काऊन नाही भेटले?" त्या दिवशी वेळ कमी होता, उत्तर अर्धवटच राहिलं. व्हिडिओतही सूत्र भर्रकन सरकलं. म्हणून इथे बसून, आकडे मांडून सांगतो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. भाववाढ कलम तुम्ही दुकानात मोजलेले पैसे परत देत नाही. ते निर्देशांक किती हलला एवढंच बघतं आणि त्या प्रमाणात रक्कम देतं. तुमचं बिल आणि सरकारचा निर्देशांक यांच्यात जी फट राहते, ती तुमच्या खिशातून जाते. त्या भाऊचं नेमकं हेच झालं होतं.

महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकामच्या निविदांमध्ये जी पद्धत असते, त्यात काम तुकड्यांत पाडतात. मजुरी वेगळी, इंधन वेगळं, इतर साहित्य वेगळं. सिमेंट आणि सळई यांचा हिशोब तर सरळ टनावर होतो. मजुरीचं सूत्र असं दिसतं:

```
V1 = 0.85 × P × K1/100 × (L1 − L0)/L0
```

घाबरू नका, एकेक अक्षर घेऊ. P म्हणजे त्या तिमाहीत झालेल्या कामाची रक्कम, पण त्यातून सिमेंट-सळईची किंमत वजा केलेली, कारण त्यांचा हिशोब वेगळा होणार आहे. K1 म्हणजे कामातला मजुरीचा टक्का. हा निविदेतच छापलेला असतो, तुमचा खरा मजुरी खर्च कितीही असो. L0 हा सुरुवातीचा निर्देशांक. निविदा भरायच्या शेवटच्या तारखेचा महिना धरा, त्याच्या आधीच्या तिमाहीची सरासरी. L1 हा काम झालं त्या तिमाहीचा. आणि ते 0.85? उरलेले 15 टक्के तुमचा नफा आणि वरखर्च धरलेत, त्यावर वाढ नाही.

आता समजा परतवाड्याजवळ शाळेच्या खोल्यांचं काम आहे. एका तिमाहीत 20 लाखांचं काम झालं. त्यात 6 टन सळई आणि 40 टन सिमेंट, म्हणजे 800 गोण्या लागल्या. निविदेत सळईचा मूळ दर टनाला 55,000 आणि सिमेंटचा 6,000 रुपये दिलाय. याला स्टार रेट म्हणतात. सळईचे झाले 3,30,000, सिमेंटचे 2,40,000. दोन्ही मिळून 5,70,000 वजा केले की P उरतो 14,30,000.

मजुरीचा टक्का 25 आणि निर्देशांक 130 वरून 136.5 झाला, म्हणजे 5 टक्के वाढ. 14,30,000 ला 0.85 ने गुणा, त्याचे 25 टक्के काढा, त्याचे पुन्हा 5 टक्के. येतात साधारण 15,194 रुपये. आता तुमच्या मिस्त्रीनं रोज 100 रुपये वाढवून मागितले असतील, तर ते या सूत्राला दिसतच नाही. हा निर्देशांक औद्योगिक कामगारांच्या घरखर्चाचा आहे, मिस्त्रीच्या रोजीचा नव्हे.

सळईचा हिशोब बघा:

```
V = S0 × (SI1 − SI0)/SI0 × T
```

S0 म्हणजे तो स्टार रेट, SI म्हणजे सळईचा घाऊक किंमत निर्देशांक, T म्हणजे टन. निर्देशांक 120 वरून 138 झाला, म्हणजे 15 टक्के. 55,000 चे 15 टक्के गुणिले 6 टन, आले 49,500 रुपये. पण दुकानदारानं टनाला 66,000 लावले होते. म्हणजे वाढ 20 टक्के, आणि जास्तीचे गेले 66,000 रुपये. फरक 16,500 चा. कोणी फसवलं नाही. निर्देशांक देशभराची सरासरी सांगतो, तुम्ही परतवाड्याच्या बाजारातून माल घेतला.

इथे रेतीची गोष्टही सांगून टाकतो, कारण आपल्याकडे जास्त चटका तीच देते. पावसाळ्यात घाट बंद झाले की भाव कुठल्या कुठे जातो. पण रेतीला सळईसारखा वेगळा हिशोब नाही, ती "इतर साहित्य" या मोठ्या गाठोड्यात जाते. त्या गाठोड्याचा निर्देशांक तुमच्या रेतीघाटामुळे केसभरही हलत नाही. म्हणून रेतीची वाढ निविदा भरतानाच दरात धरा, कलमावर सोडू नका.

आणि हो, कलम दोन्हीकडे कापतं. 22 मे 2022 ला केंद्रानं पोलादाच्या अनेक प्रकारांवर 15 टक्के निर्यातशुल्क लावलं आणि सळईचे चढलेले भाव उतरले. चढ्या भावाच्या काळात निविदा भरलेल्यांचा SI0 मोठा, SI1 लहान. उत्तर वजा, म्हणजे बिलातून कपात. ज्यांनी माल आधीच चढ्या भावानं भरून ठेवला होता, त्यांना दुहेरी मार.

उशिराचं काय? काम तुमच्या चुकीनं लांबलं, तर साधारणपणे मूळ मुदतीनंतरची वाढ धरत नाहीत. जागा ताब्यात मिळाली नाही, नकाशा उशिरा आला, असं कारण असेल तर मुदतवाढीचा अर्ज लगेच, लेखी, पोच घेऊन द्या. "साहेबांनी तोंडी सांगितलं होतं" हे बिलाच्या टेबलावर चालत नाही.

आता खासगी कामं, जिथे आपल्यापैकी बहुतेक जण सुरुवात करतात. तिथे करारात कलमच नसतं. भाव वाढले तर कोर्ट बघून घेईल, असं समजू नका. लष्कराला तूप पुरवणाऱ्या अलोपी परशाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1960 सालीच सांगितलं की काम महागात पडतंय, एवढ्या कारणानं ठरलेला करार सुटत नाही.

म्हणून घरमालकाशी बोलताना निर्देशांकाच्या भानगडीत पडू नका. मराठीत, साध्या कागदावर असं लिहा:

"सळईचा मूळ दर जीएसटीसह टनाला 55,000 रुपये धरला आहे. 5 टक्क्यांपर्यंतची वाढ किंवा घट ठेकेदाराची. त्यापुढची वाढ मालक देईल, त्यापुढची घट ठेकेदार कमी करेल. नग नकाशाप्रमाणे, दर दुकानाच्या पक्क्या बिलाप्रमाणे, हिशोब पुढच्या हप्त्यासोबत."

4 टन सळई 62,000 नं घ्यावी लागली तर? 5 टक्के म्हणजे 2,750. तुमची हद्द 57,750 पर्यंत. त्यावर उरले 4,250 गुणिले 4, मालकाकडून 17,000 रुपये. तुमच्यावर पडले 11,000. मालकालाही हे पटतं, कारण भाव उतरला तर त्याचेही पैसे वाचणार असतात. "नग" शब्दाऐवजी तुमच्याकडे वजन चालत असेल तर वजन लिहा, पण ते नकाशातूनच काढलेलं असू द्या. नाहीतर वाया गेलेल्या तुकड्यांचे पैसे कोणाचे, यावरून स्लॅब पडायच्या आधीच भांडण पडतं.

सिमेंटसाठी हीच ओळ गोणीच्या दरानं लिहा. मजुरीसाठी मात्र मी असं कलम टाकत नाही. मिस्त्रीशी पूर्ण कामाचा चौरस फुटाचा दर आधीच ठरवून घेतो, आणि त्याची सही माझ्या करारावर मालकाची सही होण्याआधी घेतो.