पोह्यांवर लिंबू कधी पिळायचं?

माझी भाची नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची नोटीस लागली तशी ती वही घेऊन माझ्याकडे आली. वहीत तीन विषय होते: खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, लिंबाची बॅटरी आणि हळदीचं दर्शक. रसायनशास्त्र तिला मनापासून आवडतं, म्हणजे स्वयंपाकघरातलं. दूध का फाटतं, साबण कशामुळे फेसाळतो, असले प्रश्न ती दिवसभर विचारत असते. तरीही यादीत एकही प्रश्न नव्हता, तिन्ही नुसत्या करामती होत्या.

मी काही वर्षं अशा प्रदर्शनांत परीक्षक म्हणून हिंडले आहे. ज्वालामुखी दर वर्षी दोन-तीन तरी असतात. फेस उसळतो, मुलं टाळ्या वाजवतात. मग मी विचारते, "यातून तुला काय कळलं, जे आधी माहीत नव्हतं?" तिथे बोलणं संपतं. हळदीचंही तेच. ती साबणाने लाल होते हे कपड्यावर वरणाचा डाग पडलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

विषय सापडला तो ओट्यावर. भाचीने बोटाला पोव्हिडोन आयोडीन लावलं होतं, जखमेवर लावतात ते तपकिरी औषध. त्याचा थेंब ओट्यावर सांडला. शेजारी लिंबू चिरलेलं होतं, त्याची फोड डागावर फिरवली आणि डाग गेला. "मावशी, हे आंबटामुळे झालं का?" मी म्हटलं, व्हिनेगर लावून बघ. व्हिनेगरने डाग गेला नाही. म्हणजे काम आंबटपणाचं नव्हतं, लिंबातल्या व्हिटॅमिन सीचं होतं. ते आयोडीनशी चटकन संयोग पावतं आणि आयोडीनचा रंग जातो.

आता मोजायचं साधन हाती आलं. जितकं व्हिटॅमिन सी जास्त, तितकं आयोडीन जास्त गिळलं जाणार. पण साधन म्हणजे विषय नव्हे. "लिंबातलं व्हिटॅमिन सी" हे मथळ्याला शोभेल, प्रदर्शनाला पुरणार नाही. त्यात काय बदलायचं ते सांगितलेलंच नाही. मग तिलाच आठवलं की आजी पोह्यांवर लिंबू नेहमी गॅस बंद केल्यावर पिळते. उकळल्यावर व्हिटॅमिन सी कमी होतं का, आणि होत असेल तर किती? बदलणारी गोष्ट एकच, उष्णता. उत्तर आकड्यात येणार, आणि चुकलं तर त्याच दुपारी पुन्हा करता येणार. माझ्या मते नववीच्या मुलाने विषयाकडून एवढंच मागावं.

सामान औषधाच्या दुकानातलं आणि घरातलं. पोव्हिडोन आयोडीनचं पाच टक्क्यांचं द्रावण दहा मिली घेऊन पाणी घालून पन्नास मिली केलं. दर्शक म्हणून भाताची पातळ, गार झालेली पेज. तिच्यातल्या स्टार्चला आयोडीन लागलं की गडद निळा रंग येतो. दहा मिलीची सुई नसलेली सिरिंज ब्युरेटच्या जागी. तुलनेसाठी व्हिटॅमिन सीची ५०० मिलिग्रॅमची गोळी कुटून अर्धा लिटर पाण्यात विरघळवली, म्हणजे एका मिलीत एक मिलिग्रॅम.

आधी हे गोळीचं पाणी पाच मिली पेल्यात घेतलं, त्यात चमचाभर पेज घातली आणि सिरिंजने आयोडीन थेंब थेंब सोडत पेला हलवला. प्रत्येक थेंबाला निळी झाक यायची आणि विरून जायची. ती वीसेक सेकंद टिकली तिथे थांबायचं. ७.२ मिली लागलं. म्हणजे आपलं एक मिली आयोडीन सुमारे ०.७ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी दाखवतं. पुढचं सगळं या एका आकड्यावर चालतं, म्हणून हे माप तीनदा घ्यावं. औषध जुनं असो की नवं, त्याच दिवशी त्याच बाटलीवर काढलेला आकडाच वापरावा.

मग आठ लिंबांचा रस गाळून एकत्र केला. प्रत्येक लिंबू वेगळं असतं, त्यामुळे एक कच्चं आणि दुसरं उकळलेलं अशी तुलना केली तर फरक उष्णतेचा की लिंबाचा हे कळत नाही. ताज्या रसाच्या दहा मिलीला ६.०, ५.८ आणि ६.० मिली आयोडीन लागलं. दहा मिलीत साधारण ४.२ मिलिग्रॅम, लिंबासाठी अगदी पटण्यासारखं.

उरलेल्यातला चाळीस मिली रस स्टीलच्या भांड्यात पाच मिनिटं उकळला आणि गरमच पेल्यात ओतला. आयोडीन पडत गेलं, रंग पिवळट होत गेला, पण निळा येईना. सिरिंज रिकामी झाली, पुन्हा भरली, तरी नाही. भाची ओरडलीच, "मावशी, उकळल्यावर व्हिटॅमिन सी वाढलं!"

मी गप्प बसले. चहा होईपर्यंत पेला गार झाला आणि कुणी हात न लावता आपोआप निळा झाला. स्टार्च आणि आयोडीनचा निळा रंग गरम द्रावणात टिकत नाही, गार झाल्यावर परत येतो. म्हणजे आयोडीन कधीचंच जास्त झालं होतं, फक्त ते सांगणारी खूण गायब होती.

गार केलेल्या रसावर पुन्हा माप घेतलं तर ७.० आलं, ताज्यापेक्षा जास्तच. इथे ती स्वतः थबकली आणि भांडं वाकवून बघू लागली. चाळीस मिलीचा रस तीसच उरला होता. पाणी वाफ होऊन गेलं, व्हिटॅमिन सी तिथेच राहिलं, रस दाट झाला. राहिलेला रस टाकून तिने नव्याने चाळीस मिली उकळला, गार केला, गार पाणी घालून पुन्हा चाळीसच्या खुणेपर्यंत आणला, आणि मग मापलं: ५.२, ५.४, ५.२. ताज्याच्या मानाने नऊ भागांत एक भाग कमी, म्हणजे साधारण अकरा टक्के घट. आजीचं खरं, पण वाटलं होतं तितकं नाही. आंबट रसात व्हिटॅमिन सी बऱ्यापैकी तग धरतं. पालेभाजीत ते उकळत्या पाण्यात उतरतं आणि आपण ते पाणी ओतून देतो, तिथली गोष्ट वेगळी.

फलकावर तिने सगळ्यात मोठी जागा या दोन चुकांना दिली, आकड्यांसकट. मला ते आवडलं. परीक्षक म्हणून मी तिथेच थांबले असते. पेले आणि सिरिंज मात्र स्वयंपाकाच्या भांड्यांत पुन्हा मिसळायचे नाहीत आणि मापलेला रस प्यायचा नाही, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

जाता जाता तिने फ्रिजमधलं बाटलीबंद लिंबाचं स्क्वॅश मापलं. त्याला ताज्या रसाच्या दुपटीहून जास्त आयोडीन लागलं. चेहरा फुलला, मग लगेच शंका आली. तिने बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली. टिकवण्यासाठी घातलेल्या पदार्थांत २२४ हा क्रमांक होता, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. तेही आयोडीन खातं. आपलं माप व्हिटॅमिन सी ओळखत नाही, आयोडीन कुणी खाल्लं तेवढंच सांगतं.

तिने वहीचं नवं पान उघडून वर २२४ लिहिलं आणि खाली प्रश्नचिन्ह काढलं.