‘निरंक’ लिहिण्याआधी

सीए फर्मच्या कचेरीत हा फॉर्म येतो तो बहुधा मार्चअखेरीस. व्यावसायिक चुकीच्या विम्याचं, म्हणजे प्रोफेशनल इंडेम्निटी पॉलिसीचं नूतनीकरण १ एप्रिलला असतं. त्याच आठवड्यात बँकांच्या शाखांची ऑडिट समोर उभी असतात, क्लायंटचे फोन थांबत नाहीत, आणि चार पानांचा प्रपोजल फॉर्म टेबलावर पडून असतो. मग कुणीतरी गेल्या वर्षीची प्रत काढतो, फीचे आकडे बदलतो आणि सही घेऊन एजंटाच्या हाती देतो. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासणारी माणसं स्वतःबद्दलचा कागद मात्र असा भरतात.

सांगलीतली तीन भागीदारांची एक फर्म डोळ्यासमोर आणू. फर्म काल्पनिक आहे, पण असली कामं करणाऱ्या फर्म प्रत्येक तालुक्याच्या गावात सापडतील. वर्षाची फी ६२ लाख. त्यात टॅक्स ऑडिट आणि रिटर्नचे २७ लाख, जीएसटीचे १६, बँक ऑडिटचे ९, पतसंस्थांच्या ऑडिटचे ५ आणि कर्जासाठीच्या प्रोजेक्ट रिपोर्टचे ५.

फॉर्ममध्ये ‘उलाढाल’ विचारली की काही जण गोंधळतात. तिथे क्लायंटची उलाढाल नको असते, फर्मची स्वतःची फी हवी असते. तीही कामानुसार फोडून, मागच्या वर्षांची आणि येत्या वर्षाच्या अंदाजासकट. कारण विमा कंपनीच्या लेखी ६२ लाखांतला प्रत्येक रुपया सारखा नसतो. पगारदारांच्या रिटर्नमध्ये चूक झाली तर नुकसान हजारांत राहतं. पतसंस्थेच्या ऑडिटमध्ये खोटी कर्जं नजरेतून सुटली तर ५ लाखांच्या फीमागे कोटींचा दावा येऊ शकतो. म्हणून प्रोजेक्ट रिपोर्टचं काम ‘सल्ला’ या गोल शब्दात गुंडाळणं महागात पडतं. पॉलिसी फॉर्ममध्ये सांगितलेल्या कामांवर बेतलेली असते. दाव्याच्या वेळी कंपनी पहिल्यांदा तोच तक्ता उघडते. एका भागीदाराच्या बायकोच्या नावाने वेगळी ‘कन्सल्टन्सी’ चालत असेल आणि जीएसटीची बिलं तिथून जात असतील, तर ते नावही विमाधारकांत यायला हवं. आपल्याकडे ही पद्धत घरोघरी आहे, म्हणून सांगितलं.

पण खरी मेख पुढच्या रकान्यात असते. त्यात दोन प्रश्न असतात. पहिला असा, की मागच्या काही वर्षांत फर्मवर दावे आले का? आणि दुसरा, ज्यातून पुढे दावा होऊ शकेल अशी एखादी गोष्ट कुणा भागीदाराला किंवा कर्मचाऱ्याला ठाऊक आहे का? सरकारी सवयीने दोन्हीपुढे एकच शब्द पडतो, ‘निरंक’. पहिल्यापुढे तो खरा असू शकतो. दुसऱ्यापुढे लिहिताना थांबावं.

आपल्या फर्मचा एक क्लायंट हळद दळण्याचा कारखाना चालवतो. त्याने मार्च २०२३ मध्ये ४० लाखांचं मशिन घेतलं, त्यावर १८ टक्क्यांनी ७ लाख २० हजार जीएसटी भरला. ही रक्कम त्याला स्वतःच्या करातून वळती करून मिळायची होती. पण मशिन विकणाऱ्याने बिल आपल्या रिटर्नमध्ये चढवलं ते सप्टेंबरात. पोर्टलवर ते उशिरा दिसलं, आणि जुळवणी करणाऱ्या आर्टिकलच्या नजरेतून सुटलं. २०२२-२३ च्या बिलांचं क्रेडिट घ्यायची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२३ होती. ती उलटली आणि क्रेडिट गेलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये कारखानदाराचा व्हॉट्सॲप आला : “साहेब, मशिनचं क्रेडिट कुठं दिसंना. बघून सांगा की.” भागीदाराने उत्तर दिलं : “दादा, आमच्याकडून राहिलंय. करतो काहीतरी.” विषय तिथे थांबला. नोटीस नाही, भांडण नाही, दिवाळीला हळदीची पाकिटंही आली. मार्च २०२५ मध्ये फॉर्म भरताना भागीदाराला हा ‘दावा’ वाटला नाही, त्याने ‘निरंक’ लिहिलं. जूनमध्ये कारखानदाराचा मुलगा धंद्यात आला, त्याने जुने हिशेब काढले, आणि वकिलाची नोटीस फर्मच्या दारात आली.

आता गणित पाहा. या विम्याचा नियम असा, की चूक ज्या वर्षी झाली त्या वर्षाची पॉलिसी लागत नाही. दावा ज्या वर्षी आला त्या वर्षाची लागते. चूक फक्त पॉलिसीत लिहिलेल्या मागच्या एका ठरावीक तारखेनंतरची असावी लागते. त्याला रेट्रोॲक्टिव्ह डेट म्हणतात. आपल्या फर्मची ती तारीख १ एप्रिल २०१९ आहे, म्हणजे तो अडसर नाही. जून २०२५ च्या दाव्याला २०२५-२६ ची पॉलिसी लागायला हवी. पण ती घेताना ऑगस्टचा निरोप ठाऊक होता आणि सांगितला नव्हता. आधी ठाऊक असलेली परिस्थिती पॉलिसीतून वगळलेली असते. कंपनी नोटिशीसोबतचा व्हॉट्सॲप वाचते, फॉर्मवरचं ‘निरंक’ वाचते आणि दावा नाकारते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेडिक्लेमच्या एका प्रकरणात मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार लपवला म्हणून दावा नाकारणं योग्य ठरवलं. विमा घ्यावा की नाही, या कंपनीच्या निर्णयावर ज्या गोष्टीचा परिणाम होईल ती सांगायलाच हवी, हे सूत्र तिथेही होतं.

सुटका अवघड नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्येच, चालू पॉलिसीखाली, कंपनीला पत्र द्यायचं : अमुक बिल, अमुक रक्कम, क्लायंटने अमुक तारखेला विचारणा केली, दावा अजून नाही. अशी सूचना वेळेत दिली की पुढे जूनमध्ये आलेली नोटीस २०२४-२५ मध्येच आली असं धरलं जातं. मग ७ लाख २० हजारांचं नुकसान, वकिलाचे समजा ८० हजार, मिळून ८ लाख. त्यातून फर्मने स्वतः सोसायचे ५० हजार वजा, म्हणजे कंपनीकडून साडेसात लाख. वकिलाचा खर्चही विम्याच्या मर्यादेतूनच जातो, वेगळा मिळत नाही. पुढचा हप्ता वाढेल, ते खरंच. पण साधी भागीदारी फर्म असेल तर १९३२ च्या कायद्याने प्रत्येक भागीदार फर्मच्या देण्याला पूर्ण जबाबदार असतो. ज्याने ते बिल कधी पाहिलंही नाही त्याच्या घरापर्यंत वसुली जाऊ शकते. त्यापुढे वाढीव हप्ता स्वस्तच.

त्या व्हॉट्सॲपमधलं “आमच्याकडून राहिलंय” हेही नडतं. कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करू नये किंवा भरपाईचा शब्द देऊ नये, अशी अट पॉलिसीत असते. गावात वीस वर्षांच्या संबंधात माणूस सरळ ‘बघतो, भरून देतो’ म्हणतो, त्यात गैर काही नाही. फक्त तो शब्द देण्याआधी एक फोन विमा कंपनीला जायला हवा.

फॉर्मवर सही एकाची असली तरी उत्तर सगळ्यांच्या वतीने असतं. म्हणून सही करणाऱ्याने आधी दोन्ही भागीदारांना, पगारी सीएंना आणि आर्टिकलना विचारावं, की कुणा क्लायंटची कुरकूर, विभागाची नोटीस, हुकलेली तारीख आठवते का? उत्तरं टिपून ठेवावीत. आपल्या फर्ममध्ये जुळवणी करणारा तो आर्टिकल डिसेंबरातच मुदत संपवून पुण्याला गेला होता. त्याला कुणी फोन केला नाही. केला असता तर त्याने मशिनचं बिल सांगितलं असतं, आणि दुसऱ्या प्रश्नापुढे चार ओळी लिहून, ३१ मार्च उलटायच्या आत जुन्या पॉलिसीखाली सूचनेचं पत्रही देता आलं असतं.