आहेराची वही, मोबाईलवर

मागच्या महिन्यात महाबळेश्वरला माझ्या ताईचं लग्न झालं. मांडवात आहेर लिहायला काका वही घेऊन बसले आणि शेजारी मी, मोबाईलवर शीट उघडून.

काकांच्या जुन्या वहीत नुसतं 'शिंदे, 501' असं लिहिलेलं. आता कुठले शिंदे? तापोळ्याचे की वाईचे? म्हणून नावापुढे गाव आणि नातं हवंच. पाकिटावर नाव नसेल तर देणारा समोर असतानाच विचारायचं. रात्री पाकिटं फोडल्यावर काही कळत नाही.

साडी असेल तर मी 'साधारण 1500' आणि साल लिहितो. सोन्याचं तसं नाही. मामीनं अंगठी दिली, तिथं '2 ग्रॅम' लिहिलं. भाव बदलतो, वजन बदलत नाही.

सगळ्यात कामाचा रकाना म्हणजे 'कशानिमित्त, आणि नवा की फेडीचा?' आत्यानं 2000 दिले. जुनी वही काढली, तर 2014 ला तिच्या मुलाच्या लग्नात आईनं 1000 दिलेले. म्हणजे हजार फिटले, वरचे हजार आमच्याकडे आले. ते आत्याच्या धाकटीच्या लग्नात द्यायचे. आई तर म्हणते, "दोनच्या खाली नको, बरं दिसत नाही."

रात्री काकांची आणि माझी बेरीज जुळेना, 500 चा फरक! शेवटी एक पाकीट रुखवताच्या ताटाखाली सापडलं.