कोर्टातला दुभाषा : कोणतं प्रमाणपत्र कुठे चालतं?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि मराठी-इंग्रजी दोन्हींत सहज वावरणाऱ्या अनेकांना भाषांतराचं काम जोडधंदा म्हणून करावंसं वाटतं. मग कुठलंसं प्रमाणपत्र मिळवलं जातं आणि त्यावर दवाखाना, कोर्ट, इमिग्रेशन अशी सगळी दारं उघडतील, असं गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात प्रत्येक प्रमाणपत्र एकच ठरावीक कौशल्य तपासतं. कोर्टाला हवं असलेलं कौशल्य त्यांतल्या बहुतेकांत तपासलेलंच नसतं.

गैरसमज १ : ‘सर्टिफाइड ट्रान्सलेशन’ करायला ‘सर्टिफाइड ट्रान्सलेटर’ असावं लागतं.

वस्तुस्थिती : समजा, ग्रीन कार्डच्या अर्जासोबत नगरपालिकेचा मराठी जन्मदाखला जोडायचा आहे. इमिग्रेशनचा नियम एवढंच मागतो : दाखल्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं. ते पूर्ण आणि अचूक आहे, आणि आपण ते करण्यास सक्षम आहोत, असं भाषांतरकारानं लिहून द्यावं. परीक्षा उत्तीर्ण झाल्याची अट नाही. नोटरीचा शिक्काही हा नियम मागत नाही. कोणी तो मारून घेतलाच, तर सही कोणाची एवढंच त्यातून कळतं, भाषांतर बरोबर आहे की नाही हे नोटरी पाहत नाही. चुका होतात त्या ‘पूर्ण’ या अटीत. गोल शिक्क्यातला मजकूर, समासातला शेरा, मागच्या बाजूची नोंद हे सगळं भाषांतरात यावं लागतं, आणि न वाचता येणारा भाग ‘अवाच्य’ म्हणून नोंदवावा लागतो.

इथे ‘सर्टिफाइड’ आहे तो कागद. माणूस सर्टिफाइड आहे असं त्यातून सिद्ध होत नाही.

गैरसमज २ : भाषांतराची नावाजलेली परीक्षा उत्तीर्ण झालं की कोर्टातही काम मिळतं.

वस्तुस्थिती : अमेरिकन ट्रान्सलेटर्स असोसिएशन, म्हणजे एटीए, ही या क्षेत्रातली मोठी व्यावसायिक संघटना. तिची परीक्षा कठीण मानली जाते, पण ती लेखी भाषांतराची आहे, आणि तीही एकाच दिशेची : एका भाषेतून इंग्रजीत किंवा इंग्रजीतून त्या भाषेत. परीक्षार्थी शब्दकोश उघडू शकतो, वाक्य दोनदा लिहू शकतो. शिवाय मराठी-इंग्रजी ही जोडी या परीक्षेत नाही.

दवाखान्यातल्या दुभाष्यांसाठी वेगळी व्यवस्था आहे. सीसीएचआय या संस्थेची ‘कोअर-सीएचआय’ ही परीक्षा कोणत्याही भाषेच्या दुभाष्याला देता येते, म्हणून मराठी माणसाला ती जवळची वाटते. तिच्यासाठी किमान ४० तासांचं प्रशिक्षण लागतं. पण परीक्षा इंग्रजीत होते आणि वैद्यकीय प्रसंगांतली समज, आचारनियम यांवर बेतलेली असते. त्या माणसाची मराठी तीत तपासली जात नाही. दवाखान्यासाठी ती उपयोगाची आहे, पण तिच्यामुळे कोर्टाच्या यादीत नाव जात नाही.

गैरसमज ३ : दोन्ही भाषा उत्तम येतात, म्हणजे साक्षीदाराचं बोलणं सांगता येईलच.

वस्तुस्थिती : राज्यांच्या कोर्टांसाठी नॅशनल सेंटर फॉर स्टेट कोर्ट्सनं तयार केलेली तोंडी परीक्षा पाहिली की फरक कळतो. तिचे तीन भाग असतात. समोर ठेवलेला कागद वाचता-वाचता दुसऱ्या भाषेत मोठ्यानं सांगायचा, साक्षीदार बोलून थांबला की त्याचं उत्तर सांगायचं, आणि वकिलाचं निवेदन चालू असतानाच त्याच्या मागोमाग बोलत राहायचं. या तिसऱ्या भागात मिनिटाला सुमारे १२० शब्दांचा वेग असतो. बहुतेक राज्यांत उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात.

गुण ‘आशय’ पोहोचवल्याबद्दल मिळत नाहीत. मजकुरात आधीच ठरवलेल्या जागा असतात : तारीख, रंग, नकार, शिवी, ‘बहुतेक’ किंवा ‘मला वाटतं’ यांसारखी कचरणारी भाषा. साक्षीदार ‘म्हणजे... बहुतेक आठ वाजले असतील’ असं म्हणाला आणि दुभाष्यानं ‘आठ वाजले होते’ असं सांगितलं, तर आशय जवळपास आला, पण ती जागा हुकली. उलटतपासणीत वकील नेमका त्या ‘बहुतेक’वर बोट ठेवतो.

आता मराठी साक्षीदाराचा एक प्रसंग पाहा. वकील विचारतो, ‘तुम्ही त्या कागदावर सही केली नाही, बरोबर?’ साक्षीदार म्हणतो, ‘हो.’ मराठीत याचा अर्थ बहुधा ‘बरोबर, केली नाही’ असा होतो. इंग्रजीत नुसतं ‘येस’ सांगितलं तर ‘केली’ असाही अर्थ निघू शकतो. मनानं खुलासा जोडून ‘नाही, मी सही केली नाही’ असं सांगणं ही दुभाष्याची साक्ष झाली, साक्षीदाराची नव्हे. योग्य रीत अशी की दुभाषा ‘दुभाष्याला उत्तर संदिग्ध वाटतं, स्पष्टीकरण मागण्याची परवानगी हवी’ असं न्यायाधीशांना सांगतो. साक्षीदाराचं बोलणं तो ‘मी’ म्हणून सांगतो, आणि स्वतःबद्दल बोलताना ‘दुभाषा’ म्हणतो. त्यामुळे नोंदीत कोण बोललं याचा घोळ होत नाही.

साक्षीदार मध्येच हळूच म्हणाला, ‘ताई, आता काय सांगू?’ तर तेही मोठ्यानं इंग्रजीत सांगावं लागतं. सल्ला देणं, धीर देणं, प्रश्न सोपा करून सांगणं ही दुभाष्याची कामं नाहीत. दवाखान्यात दुभाषा रुग्णाचा गैरसमज होतोय असं डॉक्टरला सुचवू शकतो, पण कोर्टात ती मोकळीक फार कमी असते. मराठी मंडळी ओळखीपाळखीत राहतात, म्हणून पक्षकाराशी ओळख असेल तर ती सुरुवातीलाच कोर्टाला सांगणंही बंधनकारक असतं.

गैरसमज ४ : मराठीचाही ‘सर्टिफाइड कोर्ट इंटरप्रिटर’ होता येतं.

वस्तुस्थिती : केंद्रीय कोर्टांच्या दुभाष्यांचा कायदा १९७८ चा आहे. त्याखालची प्रमाणन परीक्षा सध्या फक्त स्पॅनिशसाठी होते. राज्यांच्या पूर्ण तोंडी परीक्षेतही मराठी नाही. अशा भाषांसाठी अनेक राज्यांत ‘नोंदणीकृत’ अशी वेगळी श्रेणी असते. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात पंजाबीची प्रमाणन परीक्षा होते, तर जिची अशी परीक्षा नाही त्या भाषेच्या दुभाष्यानं इंग्रजीतली लेखी परीक्षा आणि दोन्ही भाषांच्या तोंडी प्रावीण्य चाचण्या द्यायच्या असतात. प्रावीण्य चाचणी एखादी भाषा किती चांगली बोलता येते हे मोजते. एका भाषेतलं ऐकून दुसरीत सांगता येतं का, हे ती मोजत नाही. म्हणून न्यायाधीश बऱ्याचदा त्या खटल्यापुरती दुभाष्याची चौकशी करतात : शिक्षण, अनुभव, पक्षकारांशी संबंध. त्यानंतर शपथ होते, कारण पुरावा-नियमांनुसार दुभाषा पात्र असावा लागतो आणि खरं भाषांतर करण्याची शपथ त्यानं घ्यावी लागते.

कोर्टाचं काम करायचं ठरलं असेल, तर आधी आपल्या राज्याच्या न्यायव्यवस्थेतल्या भाषा-सेवा विभागाकडे मराठी कोणत्या श्रेणीत येते ते विचारावं. लेखी परीक्षा आणि आचारसंहितेचं प्रशिक्षण ही पुढची पायरी. तिन्ही प्रकारांचा सराव स्वतःच करावा लागतो, कारण आपल्या भाषेत तो कोणी तपासणार नाही. स्वतःचं बोलणं ध्वनिमुद्रित करून मूळ मजकुराशी शब्दागणिक ताडून पाहिलं की गळणाऱ्या जागा सापडतात. कार्डावर श्रेणी जशी आहे तशीच लिहावी, ‘नोंदणीकृत’ असेल तर ‘सर्टिफाइड’ नाही. आपली पात्रता खरी सांगणं हा कोर्टाच्या आचारसंहितेतलाच नियम आहे, आणि विरुद्ध बाजूचा वकील ती साक्षीआधीच विचारू शकतो.