नॉमिनी हा विश्वस्त, मालक नव्हे

समजा, शहापूरच्या बाजारपेठेत किराणा दुकान चालविणाऱ्या एका गृहस्थांनी बँकेत 12 लाख रुपयांची मुदत ठेव ठेवली आहे. ठेव ठेवताना लग्न झालेले नव्हते, म्हणून मुरबाडला धान्याचा व्यापार करणाऱ्या धाकट्या भावाचे नाव त्यांनी नॉमिनी म्हणून लिहिले. पुढे संसार झाला, मुले झाली. ठेवीचे नूतनीकरण होत राहिले, पण नॉमिनीचे नाव तेच राहिले. अशा वेळी गृहस्थांचे अकस्मात निधन झाले, तर हे पैसे कोणाचे? मागे वृद्ध आई, पत्नी, मुलगा आणि विवाहित मुलगी आहेत. मृत्युपत्र मात्र नाही.

बँक पैसे देईल ते धाकट्या भावालाच. त्याने मागणी अर्ज, नगरपंचायतीचा मृत्यूचा दाखला आणि स्वतःच्या ओळखीचा व पत्त्याचा पुरावा सादर केला की बँकेचे काम भागते. रीतसर नॉमिनी असताना बँकेने न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र किंवा जामीनदार मागू नयेत, आणि पूर्ण कागदपत्रे मिळाल्यापासून 15 दिवसांत दावा निकाली काढावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. नॉमिनीला रक्कम दिली की बँक जबाबदारीतून मोकळी होते. पुढचा हिशेब कुटुंबाचा.

तो हिशेब वारसा कायद्याने होतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 जैन कुटुंबांनाही लागू आहे. त्यानुसार आई, पत्नी, मुलगा व मुलगी हे चौघे प्रथम वर्गातील वारस असून प्रत्येकाचा वाटा 3 लाखांचा. विवाहामुळे मुलीचा हक्क कमी होत नाही. हे वारस हयात असताना भावाचा वाटा शून्य. त्याने पैसे स्वीकारायचे ते या चौघांचा विश्वस्त म्हणून. मृत्युपत्र असते, तर वाटणी त्याप्रमाणे झाली असती.

सर्वोच्च न्यायालयाने बँक खात्याच्या बाबतीत 2010 सालीच हे स्पष्ट केले होते. घरोघरी भिंतीवर दिसणाऱ्या ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या कुटुंबातील वादातही हाच प्रश्न उभा राहिला. त्यांचे निधन 2013 मध्ये झाले. मृत्युपत्र 2011 चे होते. त्यांच्या काही गुंतवणुकींवर नॉमिनी असलेल्यांनी त्या आपल्याच मालकीच्या झाल्याचा दावा केला. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी तो मान्य केला नाही. नामनिर्देशन म्हणजे वारसाहक्काचा तिसरा मार्ग नव्हे, हे त्यामुळे पक्के झाले.

मग नॉमिनी नेमायचाच कशाला? कारण तो नसेल तर बँकेचे दारच लवकर उघडत नाही. सर्व वारसांचा अर्ज, हमीपत्र आणि दावा न करणाऱ्या वारसांची संमती द्यावी लागते. ही सुलभ पद्धत व्यापारी बँकांत किमान 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत किमान 5 लाखांपर्यंत ठेवली आहे. त्यावरील रकमेसाठी बँक वारसा प्रमाणपत्र किंवा वारस दाखला मागू शकते. हीच 12 लाखांची ठेव नॉमिनीविना एखाद्या सहकारी बँकेत असती आणि त्या बँकेने मर्यादा 5 लाखांचीच ठेवली असती, तर दुकानाची देणी अंगावर असताना त्या विधवेला न्यायालयाच्या तारखा मोजाव्या लागल्या असत्या.

1 नोव्हेंबर 2025 पासून एका ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. एकाच वेळी चौघे ठेवायचे असतील तर प्रत्येकाची टक्केवारी लिहावी लागते आणि बेरीज 100 भरावी लागते. किंवा ते क्रमाने ठेवता येतात; पहिला हयात नसेल तर दुसऱ्याचा क्रम लागतो. ही टक्केवारी पैसे कोणी किती स्वीकारावेत एवढेच ठरविते. मालकीचे वाटे त्याने ठरत नाहीत.

व्यापाऱ्यांनी एक भेद लक्षात ठेवावा. एकल मालकीच्या दुकानाच्या खात्याला नॉमिनी ठेवता येतो. भागीदारी पेढीच्या किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाच्या खात्याला ठेवता येत नाही. संयुक्त खात्यात नॉमिनीचा अधिकार सर्व खातेदारांच्या निधनानंतरच सुरू होतो.

शहापूरच्या त्या गृहस्थांना करायचे होते ते इतकेच: विवाहानंतर शाखेत जाऊन नाव बदलण्याचा अर्ज भरणे, त्याची पोच घेणे, आणि ठेवपावतीवर नामनिर्देशनाची नोंद झाल्याचे पाहणे. बचत खात्यावरील नॉमिनी ठेवीला आपोआप लागू होईल असे गृहीत न धरता प्रत्येक ठेवीची नोंद वेगळी तपासायची. अंगठा उठविणाऱ्या खातेदाराच्या अर्जावर दोन साक्षीदार लागतात. सही करणाऱ्याला लागत नाहीत. आणि पैसे अखेर कोणाला मिळावेत हे स्वतः ठरवायचे असेल, तर त्यासाठी मृत्युपत्र करायचे. पैसे कोणाच्या हाती द्यायचे हे बँकेच्या अर्जाने ठरते. ते कोणाचे, हे मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने.